दालचिनीचं पाणी आणि न वाजणारा डबा

शेफ मॅडमनी माझा डबा उलटा धरला आणि आतून काहीच पडलं नाही.

म्हणजे डबा भरलेला होता हं. अगदी गच्च. पण आतले मेरँग एकमेकांना असे चिकटले होते की सगळ्यांचा मिळून एकच झाला होता, आणि तो डब्याच्या तळाला धरून बसला होता. मॅडमनी वरून टिचकी मारली, काही नाही. मग डबा कानाजवळ नेऊन हलवला, तरी काही नाही. शेवटी त्यांनी तो सरळ करून ओट्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "हे मेरँग आहेत का डिंक?"

मॅडम मूळच्या गुजराती, पण शाळा-कॉलेजात सगळ्या मैत्रिणी मराठी, त्यामुळे मराठी फाडफाड बोलतात आणि चिडल्या की जास्तच चांगलं बोलतात. त्यांचं छोटंसं कॅफे आहे. मागच्या बाजूला किचन, तिथे केक आणि पेस्ट्रीचं काम चालतं. मला त्या किचनमध्ये नोकरी हवी होती. हवी म्हणजे काय, मी झोपेतसुद्धा त्या किचनमधल्या स्टीलच्या टेबलावर क्रीम पसरत होते. कॉलेज संपल्यापासून मी घरी केक करून ओळखीतल्या लोकांना देत होते, पण घरी एकटीने करणं वेगळं आणि खऱ्या किचनमध्ये कुणाच्या हाताखाली शिकणं वेगळं. मॅडमना एक मुलगी हवी होती आणि त्यांनी मला परीक्षा म्हणून मेरँग करून आणायला सांगितलं होतं. ज्यांनी खाल्ले नसतील त्यांच्यासाठी सांगते: अंड्याचा पांढरा भाग साखर घालून खूप फेटायचा, घट्ट फेस झाला की त्याचे छोटे छोटे कळे पाडायचे आणि अगदी मंद आचेवर वाळवायचे. भाजायचे नाहीत, वाळवायचे. झाले की बत्ताशासारखे लागतात, फक्त जास्त हलके, तोंडात टाकले की कुर्र करून नाहीसे होतात. एवढंच. दोन वस्तू. मला वाटलं होतं, ही काय परीक्षा?

मॅडम म्हणाल्या, "केक कुणालाही येतो. बडोद्यात जुलै महिन्यात ज्याला कोरडा मेरँग येतो त्याला हात आहे असं मी समजते. शनिवारी परत आण. डबा हलवला की खडखड वाजला पाहिजे. वाजला तर सोमवारपासून ये. नाही वाजला तर दुसरी मुलगी आहे."

मी "हो मॅडम" म्हटलं आणि बाहेर येऊन स्कूटरवर बसल्यावर माझ्या लक्षात आलं की शनिवार म्हणजे खरोखरच शेवटचा शनिवार आहे. कारण रविवारी अमावास्या, आणि सोमवारपासून श्रावण. आमच्याकडे श्रावण लागला की अंडं घराबाहेर. ते गणपती जाईपर्यंत आत येत नाही, त्यात चर्चा नाही, माझी नोकरी काय आणि पंतप्रधान काय. म्हणजे शनिवारी डबा वाजला नाही तर पुन्हा प्रयत्न करायलासुद्धा मला घरात जागा नव्हती.

आता आमच्या घरातल्या अंड्यांबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आम्ही कारेलीबागेत राहतो, पहिल्या मजल्यावर. बाबा रिफायनरीत नोकरीला लागले तेव्हा इथे आले. सोसायटी अख्खी शाकाहारी. आम्ही अंडं खातो, तेही रविवारी, तेही बाबा आणि मी, आई नाही खात. आजपर्यंत आम्हाला कुणी एक शब्द बोललेलं नाही. पण आईने लग्न होऊन इथे आल्या आल्या एक पद्धत घालून घेतली आणि ती इतकी वर्षं मोडली नव्हती. अंडी कापडी पिशवीतून येतात, वर कोथिंबीर. टरफलं वर्तमानपत्रात गुंडाळून बाबांच्या स्कूटरच्या डिकीत जातात आणि कुठेतरी लांब टाकली जातात, कुठे ते बाबांनी कधी सांगितलं नाही. जिन्याकडचं दार बंद, मागच्या मोकळ्या प्लॉटकडची खिडकी सताड उघडी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पातेलं. अंडं फुटलं रे फुटलं की शेजारच्या शेगडीवर एक मोठं पातेलं चढतं, त्यात पाणी, दालचिनी, चार-दोन लवंगा आणि पिळलेल्या लिंबाची सालं. ते बारीक गॅसवर खदखदत राहतं, वास पूर्ण जाईपर्यंत. पाणी आटलं की आई परत घालते. मी लहानपणी समजायचे की आमलेट करायची रीतच अशी आहे, एका गॅसवर तवा आणि एका गॅसवर दालचिनी.

हे सगळं मुख्यतः खालच्या बांसाठी. खालच्या मजल्यावर एक गुजराती आजी राहतात, आम्ही त्यांना बा म्हणतो. आईची आणि त्यांची गट्टी जबरदस्त आहे. लोणच्याच्या कैऱ्या दोघी मिळून आणतात, नवरात्रात आई त्यांच्या हाताला धरून गरबा बघायला नेते. बांना आपल्यामुळे कधी त्रास झाला असं होऊ नये, एवढंच आईचं होतं. ती भीती नव्हती. मान म्हणा.

तर मी कामाला लागले.

पहिली गोष्ट मी मॅडमकडून परत आणलेल्या डब्याची नीट तपासणी केली. त्या मेरँगच्या बुडाशी पिवळसर पाकाचे थेंब होते, मण्यांसारखे. मॅडम म्हणाल्याच होत्या, "रडलेत हे." मेरँग रडतो म्हणतात त्याला, आणि हे मला नंतर वाचून आणि हात पोळवून कळलं की रडण्याची कारणं दोन. एक म्हणजे साखर पूर्ण विरघळलेली नसते. तिचे खडे फेसातलं पाणी स्वतःकडे ओढून घेतात आणि पाक होऊन बाहेर येतात. दुसरं म्हणजे आच जास्त. अंड्याचा पांढरा भाग जास्त तापला की आकसतो, आणि ओला कपडा पिळावा तसं आतलं पाणी बाहेर पडतं, साखर घेऊन. मी दोन्ही केलं होतं. घाईघाईत नेहमीची जाड साखर भसाभस घातली होती आणि लवकर व्हावं म्हणून ओटीजी, म्हणजे आमचा टेबलावरचा छोटा ओव्हन, बराच तापवला होता.

हे सोपं होतं. साखर मिक्सरमध्ये बारीक केली, चमचा चमचा घातली, आणि मधून मधून तो फेस दोन बोटांत चोळून बघितला. कचकच लागली की अजून फेटायचं. एकदम गुळगुळीत लागला की झालं. दोन थेंब लिंबाचे. ओटीजी त्याच्या सगळ्यात कमी आचेवर, आणि दाराच्या फटीत लाकडी चमच्याचा दांडा, म्हणजे मेरँगमधून निघणारी वाफ आतच कोंडून राहू नये. एवढं केल्यावर रडणं बंद. बुडं कोरडी. मी इतकी खूश झाले की फोटो काढून मैत्रिणींना पाठवले, आणि फोटोंना उत्तरं येईपर्यंत ते मेरँग हाताला चिकटायला लागले होते.

हे दुसरं दुखणं. यात पाकाचे थेंब नव्हते. बाहेरून बघितलं तर सगळं ठीक, पण बोट लावलं की बोटाबरोबर उचलले जायचे. दाबले की कुर्र नाही, च्युइंगगम. ओव्हनमधून काढताना थोडे मऊ असतात ते ठीकच आहे, गरम साखर मऊच लागते, एक बाहेर काढून गार होऊ द्यायचा आणि मग तो मोडून बघायचा, हे मला एव्हाना माहीत झालं होतं. पण हे गार झाल्यावर कुरकुरीत होत होते आणि मग थोड्या वेळाने परत चिकट. म्हणजे मिळालेलं परत जात होतं, डोळ्यांदेखत.

मी पंखा लावला. अजून चिकट, कारण पंखा म्हणजे तीच ओली हवा, फक्त जोरात. मी फ्रीजमध्ये ठेवले. ते तर विचारूच नका, बाहेर काढल्यावर त्यांना घाम फुटला आणि बशीत पाक. गरम गरम डब्यात बंद करून बघितले, तर झाकणाला आतून वाफ धरली आणि पुन्हा डिंक. आई म्हणाली गच्चीत वाळत घाल, आणि मग आम्ही दोघींनी खिडकीतून बाहेर बघितलं. पाऊस नव्हता पडत, पण हवा अशी होती की दोरीवरचे कालचे टॉवेल आज जास्त ओले वाटत होते.

ह्या सगळ्या काळात घरात एका माणसाचे दिवस फार सुखाचे चालले होते. मेरँगला पांढरा भाग लागतो, पिवळा उरतो. तो टाकायचा का? तर बाबा रोज संध्याकाळी कामावरून आले की पिवळ्या बलकांची भुर्जी. कांदा, मिरची, हळद, पावाबरोबर. रविवार नसताना. बाबांनी माझ्या करिअरमध्ये इतका रस याआधी कधी घेतला नव्हता. ते रोज विचारायचे, "मग, आजही चिकट? परत करणार ना?" आणि आवाजात काळजी कमी, आशा जास्त.

पण बाबांनी एक उपयोगाची गोष्ट सांगितली. त्यांच्या प्लांटमध्ये यंत्रं चालवायला हवा लागते आणि ती हवा आधी कोरडी करून घ्यावी लागते, नाहीतर नळ्यांत पाणी जमतं. त्यामुळे दमट हवेवर बाबा आमच्या घरात कुणी विचारलं नाही तरी बोलतात. ते भुर्जी खाता खाता म्हणाले, "तुझा ओव्हन बरोबर काम करतोय. तो गरम आहे तोवर पाणी सोडतोय मेरँग. गार होताना परत पितोय. साखरच आहे ती. तू कशी वाळवतेस त्यात चूक शोधू नकोस, गार कुठे करतेस ते बघ."

मग त्यांनी सिलिका जेलच्या पुड्या आणून दिल्या, खाण्याच्या डब्यात चालतात त्या पांढऱ्या. प्लांटमधले रंग बदलणारे निळे दाणे नाही आणले, ते खाण्याजवळ ठेवायचे नसतात म्हणाले. आणि वर हेही की ही पुडी कोरड्याला कोरडं ठेवेल, चिकट झालेल्याला वाळवणार नाही. त्यामुळे पुड्या आल्या, पण त्यांच्याबरोबर ठेवायला कोरडं काही माझ्याकडे नव्हतं.

गार कुठे करते? ओट्यावर. जाळीवर. आणि कुठे करणार?

मग आला शुक्रवार. आईला मांडवीजवळ एका नातेवाइकांकडे डोहाळजेवणाला जायचं होतं. ती सकाळीच नटून गेली, जाताना मला म्हणाली अंडी जपून, आणि मी हो हो केलं. घरात मी एकटी. फेस उत्तम झाला. कळे पाडले, ओटीजीत टाकले, दाराला चमचा लावला. बाहेर सरी येत होत्या आणि खिडकीतून पाणी आत उडायला लागलं म्हणून मी खिडकी लावून घेतली. पातेलं मला आठवलंसुद्धा नाही. ते आईचं खातं. वेळ झाल्यावर ओटीजी बंद केला, चमचा काढला, दार लावून टाकलं आणि मेरँगना आतच गार होऊ दिलं, कारण बाबा म्हणाले होते गार कुठे करतेस ते बघ.

दुपारी बाबांची पाळी लवकर सुटली होती, ते घरी आले. मी दार उघडून एक मेरँग काढला आणि ओट्यावर टाकला. टक्क. असा आवाज झाला. मी दुसरा टाकला. टक्क. मग मी सगळे स्टीलच्या वाडग्यात घातले आणि हलवला वाडगा, आणि तो वाजला हो. खडखड खडखड. बाबांनी येऊन स्वतः हलवून बघितला. मी म्हटलं बाबा, साखरेमुळे, आज साखर जास्त बारीक केली होती. बाबा म्हणाले असेल. आम्ही दोघंही चूक बोलत होतो.

मी मेरँग नीट जाळीवर मांडले, फोटो काढायचे म्हणून. बाबांनी बलकांची भुर्जी करायला घेतली, स्वतःच, आणि तेवढ्यात आई आली. दारातच थांबली. नाक वर केलं. पर्स खाली ठेवायच्या आधी ती स्वयंपाकघरात शिरली, खिडकी उघडली, पातेलं चढवलं, दालचिनी टाकली, मग पर्स ठेवली. साडीसुद्धा बदलली नाही. मग आम्ही तिघं बाहेर चहा घेत बसलो, तिने डोहाळजेवणाची सगळी हकिगत सांगितली, पाच प्रकारचे भात होते म्हणाली, आणि मग मी फुशारकीने तिला म्हटलं, चल, तुला आवाज ऐकवते.

मी वाडग्यात मेरँग टाकायला गेले तर पहिलाच जाळीवरून सुटेना.

मी तिथे उभी राहिले. मला खरंच रडू येणार होतं, म्हणजे मेरँगनंतर माझा नंबर. आणि मग मला दिसलं. जाळीच्या मागची फरशी ओली होती. वाफेने. फरशीवरून थेंब ओघळत होते, डब्यांच्या झाकणांवर दव धरलं होतं, खिडकीची काच पांढरी झाली होती, आणि जाळीच्या शेजारी, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर, आमचं पातेलं खदखदत होतं. दालचिनी, लवंगा, लिंबाची सालं. रोज होतं ते. मी मेरँग केले त्या प्रत्येक दिवशी होतं. मी एका बाजूला साखरेला वाळवत होते आणि दुसऱ्या बाजूला आई तिला वाफारा देत होती.

बाबा मागून आले, बघितलं, आणि हळूच म्हणाले, "अरे बाप रे. आपण ड्रायरला स्टीमची लाइन जोडलीय."

आईला कळायला एक क्षण लागला. मग तिने गॅस बंद केला. पातेल्यावर झाकण ठेवलं, आणि झाकणावर हात ठेवून उभी राहिली.

मला माहीत होतं ती कशाचा विचार करते आहे. मेरँग कोरडे हवे असतील तर पातेलं नको. खिडकीही नको, कारण जुलैमधली बाहेरची हवा म्हणजे मोठं पातेलंच. म्हणजे सगळं बंद. आणि सगळं बंद म्हणजे अंड्याचा वास घरात कोंडणार आणि कोंडलेला वास दाराच्या फटीतून जिन्यात जाणार, आणि जिन्यात खाली बा. एका माझ्या डब्यासाठी तिने इतकी वर्षं सांभाळलेली गोष्ट सोडायची होती. मी म्हटलं आई, राहू दे, मी मैत्रिणीकडे जाऊन करते. तिच्याकडे ओव्हन नाहीये, हे मला बोलल्यावर आठवलं.

आई म्हणाली, "उद्या सकाळी कर. पातेलं नाही चढवत मी. पण यांची भुर्जी बंद. वास त्या मेरँगचा नाही, भुर्जीचा येतो."

बाबांनी हातातल्या बशीकडे बघितलं आणि ती भुर्जी त्यांनी फार सावकाश खाल्ली.

चिकट झालेले मेरँग मी टाकले नाहीत हं. परत ओटीजीत घातले, मंद आचेवर, चमच्याची फट ठेवून, आणि दार लावून आतच गार केले, आणि ते परत कुरकुरीत झाले. आधीइतके सुंदर नाही, थोडे आक्रसले होते, पण वाजत होते. हे मला फार आवडलं. जे पाणी साखर पिते ते ती परत सोडतेही. काहीही कायमचं बिघडलेलं नसतं. फक्त ते रडलेले असतील तर नाही, पाक एकदा बाहेर आला की आला.

शनिवारी सकाळी सगळं बंद करून मी नव्याने केले. बलक वाटीत झाकून फ्रीजमध्ये. बाबांच्या खोलीतला एसी आधीच लावून ठेवला होता, कारण एसी हवेतलं पाणीही काढतो, बाहेर त्याची नळी टपटप गळत असते ते त्या खोलीतलंच पाणी, असं बाबांनी दाखवलं. मेरँग ओव्हनमध्येच गार करायचे आणि तिथून थेट एसीच्या खोलीत नेऊन डबा भरायचा, असा आमचा बेत. आई सकाळपासून दारापाशी घुटमळत होती. जिन्याच्या दाराच्या खालच्या फटीला तिने पायपुसणं लावून ठेवलं होतं.

मेरँग निम्मे झाले असतील नसतील तेवढ्यात बेल वाजली.

आईने पायपुसणं पायाने बाजूला केलं आणि दार इतकंसं उघडलं. बा होत्या. गुडघे दुखतात म्हणून त्या कधी वर येत नाहीत, हाक मारतात. आज कठडा धरत धरत आल्या होत्या. त्यांनी आईकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि काळजीने विचारलं, "आजे तजनी सुगंध नथी आवती. तबियत तो सारी छे ने?"

तज म्हणजे दालचिनी.

आई गुजरातीत काहीतरी जुळवायला लागली, तब्येत बरी आहे, आज जरा गॅस, नाही म्हणजे गॅस आहे पण, आणि दार तसंच अर्धवट धरून. बा ऐकून घेत होत्या. मग त्यांनी आईच्या दारावरच्या हातावर हात ठेवला आणि हसल्या.

"अरे बेन, तजनी सुगंध आवे एटले अमने खबर पडे के आजे ईंडां छे. वरसोथी."

म्हणजे दालचिनीचा वास आला की त्यांना कळायचं, आज वर अंडी आहेत. वर्षानुवर्षं. रविवारी सकाळी वास आला की त्या सुनेला म्हणायच्या, वरच्यांचा नाश्ता चाललाय, आणि सून खिडकी उघडायची, कारण बांना दालचिनीचा वास आवडतो. अंड्याचा वास? तो कधी आलाच नाही म्हणाल्या. आणि आला असता तरी तुमचं घर आहे, तुम्ही खा. या आठवड्यात रोज वास येत होता, म्हणून त्यांना वाटलं पाहुणे आलेत. आज माझ्या फेटायच्या यंत्राची घरघर आली पण वास नाही, म्हणून त्यांना वाटलं आईला काहीतरी झालं.

मी ओटीजीसमोर बसून हे सगळं ऐकत होते आणि मला आईचा चेहरा दिसत नव्हता, फक्त पाठ. ती पाठ आधी ताठ होती. मग खांदे खाली आले. मग तिने दार पूर्ण उघडलं, पूर्ण म्हणजे भिंतीला टेकेपर्यंत, आणि मी ओरडले, आई, हवा!

तिने घाईघाईने बांना आत घेतलं आणि दार लावलं. बांना एसीच्या खोलीत बसवलं, शाल दिली, चहा दिला. चहासुद्धा स्वयंपाकघरात नाही केला, मीच करू दिला नाही, बाबा कोपऱ्यावरून आणून देते झाले. बांना मी ओव्हनच्या काचेतून मेरँग दाखवले. त्या म्हणाल्या बत्ताशासारखे दिसतात, आणि बत्तासेसुद्धा पावसाळ्यात असेच पाणी धरतात, त्यांच्या सासूबाई ते बरणीत घालून बरणीच्या तोंडाला कापड बांधून वर झाकण घट्ट बसवायच्या. मग बांनी विचारलं, यातलं ईंडां नसलेलं काही होतं का? मी म्हटलं बघते.

मेरँग गार झाले. मी एक काढला, थांबले, मोडला. कुर्र. सगळे एसीच्या खोलीत नेले, बांच्या आणि आईच्या देखत डब्यात भरले, तळाला पुड्या, वर बटर पेपर, झाकण, झाकणाभोवती टेप. बाबांनी डबा प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत घातला आणि मला गाडीवरून न नेता रिक्षाने पाठवलं. रिक्षात मी डबा मांडीवर धरून बसले होते आणि प्रत्येक खड्ड्यात तो आतून वाजत होता, आणि बडोद्यात पावसाळ्यात खड्डे कमी नाहीत. मी आयुष्यात पहिल्यांदा खड्ड्यांवर खूश होते.

शेफ मॅडमनी टेप काढायच्या आधीच डबा कानाला लावला. हलवला. ते किचनमधल्या सगळ्यांना ऐकू गेलं. मग त्यांनी झाकण काढलं, एक मेरँग घेतला, उलटा करून बुड बघितलं, मोडला, खाल्ला, आणि विचारलं, काय बदललंस? मी सांगितलं. साखर, आच, चमचा, गार करायची जागा, एसी, पुड्या, आणि मग पातेलं. पातेल्यापाशी आल्यावर त्या हातातलं काम ठेवून ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या की आईच्या घरी त्यांनी अंड्याच्या वासावर धूप जाळला होता. त्यांनी पहिला केक चोरून केला होता तेव्हा.

"सोमवारी आठला ये," त्या म्हणाल्या. "केस बांधून. आणि ओट्यावर कधी काही उकळत ठेवलंस तर बघ."

मी घरी फोन केला तेव्हा तो बाबांनी उचलला. मी म्हटलं वाजला. ते म्हणाले हो का, वा, मग आता ते फ्रीजमधले बलक?

श्रावण लागला. अंडी गेली, कापडी पिशवी धुऊन वाळत घातली, म्हणजे घातली, वाळली नाही. मी किचनमध्ये जाते, रोज शिकते, घरी आल्यावर उकडलेल्या काबुली चण्यांच्या पाण्याचे मेरँग करून बघते, कारण त्या पाण्याचासुद्धा फेस होतो आणि ते बांना चालतील. ते अंड्यांपेक्षा जास्त नखरे करतात, हवा लागली की लगेच मऊ, पण बा त्यांच्यासाठी कठडा धरून वर येतात आणि बाहेरच्या खोलीत बसून थेट ओव्हनमधले खातात, त्यामुळे त्यांच्यापर्यंत कुरकुरीतच पोचतात.

आणि परवा सकाळी आईला काय वाटलं कुणास ठाऊक. पाऊस लागून राहिला होता, घरात कोंदट वास येत होता, आणि तिने सहज, नुसतं बरं वाटावं म्हणून, पातेलं चढवलं. दालचिनी, लवंगा, लिंबाची सालं. खिडकी उघडी. जेमतेम उकळी आली असेल, तर खालून बांची हाक आली, मोठ्यांदा, सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल अशी.

"बेन, श्रावणमां पण?" म्हणजे, श्रावणातसुद्धा?

आई खिडकीकडे धावली. बाबा तिच्याआधी स्वयंपाकघरात पोचले होते, बशी घेऊन.